पाच जुलैची बिलं मे महिन्यात कशी गेली

आमचं ऑफिस सांगलीत, सीएचं. ऑगस्ट २०२४ ची गोष्ट आहे, जुलैचा जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचा रिटर्न भरायचा होता, शेवटची तारीख ११. एका सिमेंट-पाइपवाल्या क्लायंटचा डेटा त्याच्या बिलिंग सॉफ्टवेअरमधून सीएसव्ही होऊन येतो, त्यांची मुलगी तो एक्सेलमध्ये उघडून, जरा साफसूफ करून आम्हाला मेल करते, आणि मी माझ्या छोट्या पायथन स्क्रिप्टने त्याचं जीएसटी पोर्टलवर चढवायचं जेसॉन करतो. पोर्टलचं ऑफलाइन टूल आहेच, पण ह्या क्लायंटची शीट टूलच्या साच्यात बसवत बसायचं म्हणजे जास्त कटकट.

शीटमध्ये सगळं सपाट असतं, प्रत्येक टॅक्स रेटला एक ओळ. जेसॉनमध्ये मात्र आधी गिऱ्हाइकाचा जीएसटीआयएन, त्याच्या पोटात बिलं, बिलाच्या पोटात रेट. एकाच बिलात पाइप १०,००० चे १८ टक्क्याने आणि सिमेंट ५,००० चं तेव्हाच्या २८ टक्क्याने असेल तर बिलाची एकूण रक्कम १८,२०० होते आणि ती शीटमध्ये दोन्ही ओळींवर छापलेली असते. बेरीज मारली की ३६,४०० झाले. म्हणून `val`, म्हणजे ही एकूण रक्कम, बिलामागे एकदाच घ्यायची, बेरीज फक्त `txval` म्हणजे टॅक्सेबल रकमेची आणि टॅक्सची. बिल असं दिसायला हवं:

```
{"inum":"412","idt":"05-07-2024","val":18200,
 "pos":"27","rchrg":"N","inv_typ":"R",
 "itms":[
  {"num":1801,"itm_det":{"txval":10000,"rt":18,
   "camt":900,"samt":900,"csamt":0}},
  {"num":2801,"itm_det":{"txval":5000,"rt":28,
   "camt":700,"samt":700,"csamt":0}}]}
```

हे सगळं स्क्रिप्ट करते, त्यात काही नवीन नाही. फाइल चढवली, थोड्या वेळाने स्टेटस आलं `Processed with Error`. एरर रिपोर्ट काढला तर अडकलेली बिलं सगळी ८ ते १२ जुलैची, तक्रार एकच, बिलाची तारीख रिटर्नच्या महिन्याच्या पुढची आहे. जेसॉन उघडून बघितलं तर ९ जुलैच्या बिलावर `07-09-2024`. सप्टेंबर! तो अजून यायचाय.

आमचे सर म्हणाले, "तेवढ्या तारखा हाताने दुरुस्त कर आणि परत चढव, वेळ नाही." मी तेच करणार होतो, पण डोक्यात आलं की ९ जुलै उलटी झाली तर ५ जुलै का नाही होणार? शोधलं ४१२ नंबरचं बिल, त्यावर `07-05-2024`. सात मे. आणि पोर्टलने ते काहीही न बोलता घेतलेलं! कारण जुनं राहून गेलेलं बिल पुढच्या महिन्याच्या रिटर्नमध्ये दाखवता येतं, त्यामुळे मागची तारीख पोर्टलला चालते, पुढची चालत नाही. १ जुलैचं बिल तर थेट ७ जानेवारीला जाऊन बसलेलं, म्हणजे आधीच्या आर्थिक वर्षात. ७ जुलै उलटी केली तरी ७ जुलैच, ती सुटली. १३ पासून पुढची सगळी बरोबर.

शीट नीट बघितली तर कारण समोरच होतं. तारखेच्या कॉलममध्ये १२ पर्यंतच्या तारखा उजवीकडे चिकटलेल्या आणि १३ पासूनच्या डावीकडे. त्या पोरीच्या नवीन लॅपटॉपवर रीजन अमेरिकेचा होता, एक्सेलने `05/07/2024` ला महिना-दिवस समजून मे केलं, आणि `13/07/2024` ला तेरावा महिना कुठून आणणार, म्हणून ते नुसतं टेक्स्ट म्हणून सोडून दिलं. स्क्रिप्ट ते टेक्स्ट दिवस-महिना असं वाचते, म्हणून ते बरोबर आलं. मजा म्हणजे बिलांची संख्या जुळत होती, टॅक्सेबल रक्कम पैशापर्यंत जुळत होती, टॅक्स जुळत होता. आम्ही रोज ज्या गोष्टी टॅली करतो त्यातली एकही बोंबलली नसती. बोंबलले असते गिऱ्हाइकांचे अकाउंटंट, त्यांच्या २बी मध्ये, म्हणजे पोर्टल त्यांना देतं त्या खरेदीच्या यादीत, मे महिन्याचं बिल दिसलं असतं जे त्यांच्या खरेदीत नाहीच, आणि मग आम्हाला पुढे एकेक बिल अमेंडमेंटमध्ये टाकत बसावं लागलं असतं.

सरांना बिल नंबर दाखवले, ४११, ४१२, ४१३ ओळीने चाललेत आणि तारखा महिनामहिना उड्या मारतायत. ते फक्त "रीसेट मार" म्हणाले. रिटर्न फाइल झालेलं नव्हतं म्हणून पोर्टलवरचं सेव्ह झालेलं सगळं `RESET` ने उडवता आलं. क्लायंटकडून सॉफ्टवेअरची मूळ सीएसव्ही मागवली, डबल क्लिक न करता एक्सेलच्या डेटा टॅबमधून आणली आणि तारखेचा कॉलम टेक्स्ट ठेवला, पूर्ण जेसॉन नव्याने. स्क्रिप्टमध्ये दोन ओळी वाढवल्या, तारीख `fp` मधल्या, म्हणजे रिटर्नच्या, महिन्याची नसेल तर थांब आणि बिल नंबर दाखव. खरंच मागचं राहिलेलं बिल असेल तर मी हाताने हो म्हणतो, तसं क्वचितच असतं.

संध्याकाळी रिटर्न गेला. त्या मुलीला फोन केला तर ती म्हणे, "दादा, मी तर काहीच बदललं नव्हतं, नुसतं उघडून सेव्ह केलं." आता ती फाइल न उघडता झिप करून पाठवते.