दोन कार्बन आणि रेघांची रांग

मंगळवार, रात्र

आज लॅबमधल्या नव्या मुलाने ग्लायसिनच्या भुकटीचा कार्बन-१३ एनएमआर स्पेक्ट्रम पुढे ठेवला. "ताई, रेणूत कार्बन दोनच. मग रेघा एवढ्या कशा?" कार्बोनिलची १७६ पीपीएमजवळ होतीच, शिवाय ३०९, २४२ आणि ११० ला. CH₂ ची ४३ ला.

भुकटीतला प्रत्येक कण चुंबकक्षेत्राशी वेगळ्या कोनात पडलेला, म्हणून प्रत्येकाची वारंवारता वेगळी. कार्बोनिलच्या बाबतीत हा पसारा साधारण १४० पीपीएम, म्हणजे आमच्या ३०० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर दहा किलोहर्ट्झच्या वर. भुकटी भरलेली नळी, म्हणजे रोटर, चुंबकक्षेत्राशी ५४.७४ अंशांत कलती ठेवून फिरवली की एका फेरीतली दिशेची सरासरी 3cos²θ−1 च्या प्रमाणात उरते, आणि त्या कोनाला ती शून्य होते. कण कसाही पडलेला असो, उरते ती समदिश वारंवारता.

पण शून्य होते ती सरासरी. फेरीच्या आत वारंवारता वरखाली होतच असते. फक्त फेरी संपली की साचलेला फरक फिटतो आणि सगळे कण पुन्हा एका तालात येतात. म्हणून फिरण्याचा वेग पसाऱ्याहून कमी असला तरी रेघा बारीकच येतात. मात्र त्या अनेक येतात, रोटरच्या वेगाइतक्या अंतराने. खऱ्या, मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंच्या या जास्तीच्या रेघा म्हणजे साइडबँड. (प्रोटॉनांचं असं नाही. ते एकमेकांत इतके गुंतलेले असतात की फेरीअखेर हिशेब फिटत नाही. तिथे वेग खूपच वाढवावा लागतो.)

वेग होता ५ किलोहर्ट्झ, म्हणजे सुमारे ६६ पीपीएम. १७६ मधून दोनदा ६६ वजा केले की ४४! कार्बोनिलची दुसरी साइडबँड नेमकी CH₂ वर बसली होती, त्यामुळे त्या रेघेचं क्षेत्रफळ फसवं. वेग ६ केला. बाकीच्या रेघा सरकल्या, १७६ आणि ४३ जागच्या जागी. मधली रेघ ओळखायची ती अशीच, उंचीवरून नाही. वेग कमी असला तर साइडबँड तिच्याहून उंच असू शकते.

तो म्हणाला, मग वेग एवढा वाढवू की साइडबँड जातीलच. जातील, पण कार्बोनिलच्या तिन्ही मुख्य दिशांना शिफ्ट किती हे साइडबँडच्या उंचीच्या प्रमाणातच असतं. ते हवं असेल तर मुद्दाम हळू फिरवायचं. मधल्या रेघेत त्या तिन्हींची फक्त सरासरी असते.

CH₂ ची रेघ एका बाजूला झुकलेली दिसत होती, म्हणून कोन चुकला असा त्याला संशय. कोन चुकला असता तर कार्बोनिलची रेघ आधी बिघडली असती, कारण पसारा तिचाच मोठा. ती सरळ होती. CH₂ ला नायट्रोजन-१४ चिकटलेला आहे, आणि त्याच्या चतुर्ध्रुवी ओढीमुळे तो चुंबकाशी पूर्ण जुळत नाही. त्या दोघांमधली जोडणी 3cos²θ−1 च्या साध्या नियमात बसत नाही, म्हणून थोडी उरतेच. ५०० च्या चुंबकावर हा कल कमी व्हायला हवा. पोटॅशियम ब्रोमाइडवर कोन मात्र उद्या सकाळी पुन्हा तपासायला सांगितला आहे, आणि भुकटी आधी नीट सुकवायलाही. या पावसात ती ओल धरतेच.