पैसे गेले, स्पीकर बोलेना

ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेवर पाऊस पडला की तासगाव तालुक्यातल्या कृषी सेवा केंद्रांत सकाळीच गर्दी होते. बाग फुलोऱ्यात असेल तर डाऊनी रोग पसरायला वेळ लागत नाही. उघडीप मिळाली की फवारणी उरकायची, म्हणून ज्याला त्याला औषध त्याच घडीला हवं असतं. आमची कंपनी अशा दुकानांना क्यूआर कोड आणि 'अमुक रुपये मिळाले' असं बोलणारा स्पीकर पुरवते. सांगलीच्या विश्रामबागेतल्या ऑफिसात मी सपोर्टला इंटर्न आहे. एका वेळी एक कॉल घ्यायचा, आणि कॉल नसेल तेव्हा चॅट बघायचे.

त्या दिवशी दोन दिवसांच्या पावसानंतर ऊन पडलं होतं. पावणेअकराच्या सुमारास एका दुकानदाराचा फोन आला.

"ओ मॅडम, गिऱ्हाईकाचं पैसं कटल्यात आणि तुमचा डबा काय बोलंना. दुकान चालवायचं का बंद करायचं आम्ही?"

मागून दुसरा आवाज येत होता, त्याच्याहून चढलेला. "नऊ हजार सहाशे गेल्यात माझं! औषध द्या म्हणतोय तर देत न्हाई!"

एकाच फोनवर दोन रागावलेली माणसं होती आणि दोघांचा राग वेगळा होता. शेतकऱ्याचे पैसे गेलेले, दुकानदाराला मिळालेले नाहीत. त्यात शेतकऱ्याची मागची उधारी थकलेली, म्हणून दुकानदार पैसे दिसल्याशिवाय बाटलीला हात लावू देत नव्हता. हे सगळं मला विचारावं लागलं नाही. दोघं एकमेकांशी भांडताना आपोआप कळलं.

अशा वेळी "साहेब, शांत व्हा" म्हणायचं नाही, हे आमच्या टीम लीड मॅडमनी पहिल्यांदाच बजावलं होतं. रागावलेल्या माणसाला ते 'तुम्ही उगाच ओरडताय' असंच ऐकू येतं. त्याऐवजी बोलू द्यायचं, आणि तो श्वास घ्यायला थांबला की त्यानेच सांगितलेला आकडा त्याला परत सांगायचा. "दादा, नऊ हजार सहाशे, आत्ता दहा-पंधरा मिनिटांपूर्वी, बरोबर?" बरोबर म्हणताना माणसाचा आवाज थोडा तरी उतरतोच. दुकानदाराने मध्येच एक शिवी हासडली. आमच्याकडे नियम आहे, एकदा स्पष्ट सांगायचं, पुन्हा झालं तर कॉल लीडकडे द्यायचा. मी म्हटलं, "दादा, काम तुमचंच करतेय. असं बोललात तर मला फोन वर द्यावा लागेल, आणि तुम्हाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल." शिवीपेक्षा पुन्हा पहिल्यापासून सांगण्याचा कंटाळा जास्त असतो. तो गप्प झाला.

मग मी फोन शेतकऱ्याकडे द्यायला सांगितला. ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की यूपीआयचा 12 आकडी संदर्भ क्रमांक दिसतो. माझ्या कामाचा तेवढाच. स्क्रीनशॉटवर हिरवी खूण दिसते की नाही याला फारसा अर्थ नाही, खोटे स्क्रीनशॉट रोज येतात. काका चार-चार आकडे सांगत होते, मी परत म्हणून दाखवत होते. मध्येच म्हणाले, "पिन पण सांगू का?" आणि सांगायला सुरुवातच केली. पूर्ण कॉलमध्ये मी कुणाला मध्येच तोडलं ते तेवढंच. "काका, थांबा! पिन कुणालाच सांगायचा नाही, मलासुद्धा नाही."

त्यांच्या ॲपवर व्यवहार पेंडिंग होता, आमच्याकडेही पेंडिंग. म्हणजे त्यांच्या बँकेने पैसे वजा केलेत, पण दुकानदाराच्या बँकेकडून 'जमा झाले' किंवा 'नाही झाले' यातलं कुठलंच उत्तर वेळेत आलेलं नाही. व्यवहार अयशस्वी दिसला असता तर गोष्ट सोपी होती. पेंडिंगमध्ये पैसे मागाहून जमाही होऊ शकतात.

"मग परत मारू का पैसं?" काकांनी विचारलं.

"त्याच क्यूआरवर आत्ता नको. दोन्ही व्यवहार नंतर जमा झाले तर तुमचे दुप्पट जातील."

त्यांना विचारून कॉल होल्डवर ठेवला. दोन मिनिटांत परत येते म्हटलं, की काही हाती लागो न लागो, दोन मिनिटांत यायचंच. होल्डवर माणूस एकटाच आपल्या रागाबरोबर बसलेला असतो. तेवढ्यात चॅट उघडले. अजून तीन दुकानदारांची तीच तक्रार, त्यातला एक आधीच दोनदा पैसे घेऊन बसलेला. तिघांचीही खाती बघितली. चारही दुकानांची बँक एकच.

इथे एस्कलेशनचा, म्हणजे तक्रार वरच्या टीमकडे पाठवण्याचा प्रश्न येतो. चार तिकिटं वेगवेगळी वर पाठवली असती तर ती चार सुट्या तक्रारी म्हणून रांगेत लागली असती. मी एकच तिकीट केलं, चारही त्याला जोडली आणि लिहिलं: "10:20 पासून एकाच बँकेत खातं असलेल्या 4 दुकानांचे व्यवहार पेंडिंग. ग्राहकांच्या बँका आणि ॲप वेगवेगळी. 10:20 आधीचे व्यवस्थित. दुसऱ्या बँकेत खाती असलेल्या दुकानांचे आत्ताही होत आहेत. सगळे संदर्भ क्रमांक खाली. एका दुकानात ग्राहक समोर थांबलाय." 'दुकानदार फार चिडलाय' असं मी लिहिलं नाही. वरच्या टीमला त्यातून काही शोधता येत नाही. काय बिघडलंय याच्याइतकंच काय व्यवस्थित चाललंय हे लिहिलं की त्यांना बघायची जागा कळते. तिकीट टाकून लीड मॅडमना हाक मारली, कारण अशी गोष्ट नुसती रांगेत सोडायची नसते.

कॉलवर परत आले. दुकानदाराचा एकच प्रश्न होता, "औषध देऊ का नको? तुम्ही सांगा."

ते मी सांगू शकत नव्हते. 'द्या, पैसे येतील' म्हणणं म्हणजे कंपनीच्या वतीने हमी देणं. मी सांगू शकत होते ते एवढंच: बिघाड दुकानदाराच्या बँकेच्या बाजूने दिसतोय, तो वर कळवलाय. पैसे दुकानात जमा होतील, नाहीतर काकांच्या खात्यात परत जातील. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमाप्रमाणे दुकानातल्या अशा व्यवहारात व्यवहाराचा दिवस सोडून 5 दिवसांच्या आत पैसे आपोआप परत व्हायला हवेत, त्यापुढे दिवसाला 100 रुपये भरपाई. परत न आल्यास काकांनी तक्रार स्वतःच्या बँकेकडे करायची, संदर्भ क्रमांक हाच.

फोनवर थोडा वेळ दोघांची बोलाबोली झाली. शेवटी दुकानदारानेच मार्ग काढला. बिलावर तो क्रमांक लिहिला, काकांची सही घेतली आणि म्हणाला, "पैसं परत आलं तर घेऊन यायचं, नायतर पुढची बाटली विसरा." काका औषध घेऊन गेले. मी दुकानदाराला दोन वाजता फोन करते म्हटलं.

लीड मॅडमनी तोवर सगळ्या चॅटसाठी एकच मजकूर लावून दिला होता: याच क्यूआरवर पुन्हा पैसे घेऊ नका, रोख घ्या किंवा दुसऱ्या बँकेचा कोड वापरा. दीडच्या आसपास बँकेकडून उत्तरं यायला लागली आणि पेंडिंग नोंदी एकेक करून यशस्वी होत गेल्या. ज्याने दोनदा पैसे घेतले होते त्याचे दोन्ही व्यवहार जमा झाले. असे जमा झालेले पैसे आपोआप परत जात नाहीत, दुकानदारालाच रिफंड द्यावा लागतो. त्याला ते चॅटवर पायरीपायरीने करून दिलं.

दोन वाजता तासगावच्या दुकानाची नोंद मात्र पेंडिंगच होती. सांगायला नवीन काही नव्हतं, तरी फोन केला, आणि पुन्हा पाच वाजता करते म्हटलं. पाचला उचलून तो आधीच म्हणाला, "आलं ओ पैसं, साडेचारला डबा बोलला." मग लगेच, "पण त्याचा आवाज लई बारीक झालाय, तेवढं बघा की."

नवीन तिकीट केलं.