लाल डबा, नोंद १४: दारातली कोंडी सुटली, पण तीन आठवडे गेले कुठे?

मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की 'लाल डबा' या माझ्या एसटी बसच्या गेममधलं प्रवासी चढण्या-उतरण्याचं काम 'दोन संध्याकाळी' संपेल. एकोणीस संध्याकाळी लागल्या. त्यातल्या शेवटच्या काही तर मी गोडो हे गेम इंजिन उघडून एडिटरची थीम बदलण्यात घालवल्या आणि मग अकरा दिवस लॅपटॉपच उघडला नाही.

आधी बग, कारण बाकीचं सगळं त्याच्या पोटात आहे. नवीन आलेल्यांसाठी एवढंच सांगतो, की आपण कंडक्टर आहोत, बस पुणे-नगर रस्त्यावरची आहे आणि दार एकच. शिक्रापूरला चौघं उतरायचे, सहा जण चढायचे. मी प्रत्येक प्रवाशाला वाट शोधून देणारा `NavigationAgent2D` दिला आणि एकमेकांना टाळून चालायला लावणारं avoidance चालू केलं. कागदावर झकास. बसमध्ये मात्र उतरणारा आणि चढणारा दारात समोरासमोर आले की दोघंही थरथरत उभे राहायचे. "आधी तुम्ही", "नाही, आधी तुम्ही". मागे रांग वाढत जायची आणि एखादा कडेचा प्रवासी अलगद सीटच्या आत ढकलला जायचा.

कारण आता कळतं. avoidance फक्त एजंटकडे बघतं, त्याला नेव्हिगेशन मेश, म्हणजे चालायच्या जागेचा नकाशा, दिसत नाही. त्यामुळे ते कुणालाही बिनदिक्कत बाकड्यात ढकलतं. शिवाय माझी मधली वाट सोळा पिक्सेल आणि प्रत्येकाची त्रिज्या सहा. म्हणजे दोन माणसांना चोवीस पिक्सेल हवेत. ते मावणारच नव्हते, कितीही हुशार गणित लावलं तरी. त्रिज्या चारवर आणली तेव्हा गणितात मावले, पण चित्रं एकमेकांवर चढली. हे दोन आकडे मी पहिल्याच दिवशी वहीत मांडले असते तर ही नोंद चार ओळींची झाली असती.

ते मांडले नाहीत, कारण मी हे सगळं रात्री साडेअकराला करत होतो.

उपाय सापडला तो खऱ्या बसमध्ये, ऑफिसला जाताना. दारात गर्दी झाली तसे मागून एक आजोबा ओरडले, "अरे आधी उतरू द्या की!" झालं. दार ही एकाच माणसाच्या मालकीची गोष्ट. मालक उतरणाऱ्यांतून निवडायचा, ते संपले की चढणाऱ्यांतून.

```gdscript
func _pick_door_owner() -> void:
	door_owner = next_alighting()
	if door_owner == null:
		door_owner = next_boarding()
```

मालक दारातून बाहेर पडला, किंवा आत येऊन जागेवर बसला, की हे फंक्शन पुन्हा चालतं. avoidance पूर्ण बंद. शनिवारी सकाळी चाळीस मिनिटांत लिहून झालं. शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर, तिन्ही थांबे एकदाही न अडकता पार पडले, मी डबल बेल मारली आणि बस निघाली. आई स्वयंपाकघरातून बघायला आली, इतका मी ओरडलो.

पण चाळीस मिनिटांचं काम आणि एकोणीस संध्याकाळी, हे मनातून जाईना. रविवारी चहा घेऊन बसलो आणि गिटला विचारलं, की बाबा, मी काम करतो कधी?

```
git log --date=format:%H --pretty=%ad -- passengers/ | sort | uniq -c
```

यातून प्रत्येक तासाला किती कमिट पडले ते मिळतं. कमिटची वेळ म्हणजे कामाची वेळ नव्हे हे मान्य, पण मी दर दहा-पंधरा मिनिटांनी कमिट करणारा माणूस आहे, त्यामुळे अंदाज बरा येतो. प्रवाशांच्या फोल्डरमध्ये रात्री अकरानंतरचे ४१ कमिट निघाले. मग ते एकेक उघडून बघितले. त्यातले २६ पुढच्या दोन बैठकींत मीच उलटवले किंवा खोडले होते. दहाच्या आतले ३३, त्यातले ७ वाया गेले. म्हणजे अकरानंतर मी गेम बनवत नव्हतो, दुसऱ्या दिवशीच्या स्वतःसाठी काम तयार करत होतो. एका कमिटचा संदेश नुसताच 'आता तरी' असा आहे. त्याची वेळ ००:५२.

दुसरी गळती वेगळी होती. जेवून नऊला बसायचं, साडेदहाला उठायचं असं ठरवलेलं, म्हणजे नव्वद मिनिटं. चार संध्याकाळी मी घड्याळ लावून पाहिलं: प्रोजेक्ट उघडल्यापासून पहिला उपयोगी बदल होईपर्यंत साधारण पस्तीस मिनिटं जात होती. काल कुठे होतो, हे व्हेरिएबल का ठेवलंय, हा print कशाचा. ऑफिसात दिवसभर दुसऱ्याच कोडमध्ये डोकं घालून आल्यावर हे होणारच. पण नव्वदातली पस्तीस गेली की उरलेल्या पंचावन्नात काही होत नाही, म्हणून साडेदहाला उठवत नाही, म्हणून अकरा, साडेअकरा, बारा. उशिराची रात्र ही आवड नव्हती, ती सुरुवातीच्या पस्तीस मिनिटांची वसुली होती. हे लक्षात आल्यावर मला स्वतःचा राग थोडा कमी आला.

त्यावर आता शेवटची दहा मिनिटं काम आवरण्यासाठी ठेवतो. प्रोजेक्टमध्ये `UDYA.md` नावाची फाइल आहे, त्यात तीन ओळी. कुठे थांबलो, काय संशय आहे, उद्या पहिलं काय टंकायचं. परवाची जशीच्या तशी देतो:

```
door.gd, _pick_door_owner चालतंय.
संशय: शिरूरला पास वाले दोनदा मोजले जातात.
पहिलं: next_boarding() मध्ये has_ticket छापून बघ.
```

काल बसल्यापासून पहिला बदल सात मिनिटांत झाला.

इथे एक प्रचलित सल्ला मला अजिबात मानवला नाही. काम मुद्दाम अर्धवट, मोडलेल्या अवस्थेत सोडा म्हणजे दुसऱ्या दिवशी लगेच हात लागतो, असं बरेच जण सांगतात. मी आठवडाभर केलं. हात लागत होता, पण बग अंथरुणात यायचा. पहाटे तीनला डोळे उघडून छताकडे बघत next_boarding. माझा अनुभव असा, की सोपं काम अर्धवट सोडावं, अवघड नाही. थांब्यांच्या पाट्यांपैकी दोन रंगवून तिसरी उद्यावर ठेवली तर ती सकाळपर्यंत गप्प बसते.

त्या अकरा दिवसांबद्दलही लिहितो, कारण आपल्यातले दोघं-तिघं याच वळणावर प्रोजेक्ट सोडून गेले. मला वाटायचं दमणं म्हणजे झोप येणं. तसं नव्हतं. पहिली खूण म्हणजे थीम आणि फॉन्ट बदलणं. दुसरी, व्हेरिएबलची नावं सुधारत बसणं. तिसरी, दुसऱ्या इंजिनाचे व्हिडिओ. हे सगळं कामासारखं दिसतं आणि त्यात हरायची भीती नसते. चौथी खूण बायकोनं सांगितली: "तू जेवायला इथे बसलायस, पण अजून बसमध्येच आहेस." मी चिडलो. ते चिडणं ही पाचवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये बर्नआउटची तीन अंगं दिली आहेत: शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. गंमत म्हणजे ती व्याख्या फक्त नोकरीच्या संदर्भात वापरायची असं तिथेच म्हटलंय. आपलं हे फुकटचं काम त्यात बसत नाही. पण मधल्या अंगाची माझी पट्टी साधी आहे: बेल मारून बघावीशी वाटते का? त्या दिवसांत वाटत नव्हती.

सध्याची घडी अशी. सोमवार, बुधवार, गुरुवार नऊ ते दहा चाळीस. दहानंतर बगला हात लावायचा नाही, फक्त हातकाम: स्प्राइट, तिकिटांचे रंग, थांब्यांची नावं भरणं. डोकं लागणारं सगळं शनिवारी सकाळी साडेसहा ते साडेनऊ. (घरात लहान मूल असेल तर ही सकाळ कुणी देणार नाही, हे मला ठाऊक आहे. आमच्याकडे नाही म्हणून चालतं.) ऑफिसात रिलीजचा आठवडा असला की कॅलेंडरवर आधीच 'बस बंद' लिहून टाकतो. न झालेल्या कामापेक्षा मोडलेला बेत जास्त टोचतो, म्हणून त्या आठवड्यात बेतच ठेवत नाही.

साधनांबद्दल दोन शब्द. पंचवीस मिनिटांचे टायमर अ‍ॅप डीबगिंगला कुचकामी आहेत, नेमका धागा हाती आला की किणकिणतात. शिवाय ते फोनवर, आणि फोन हातात घेतला की गेलो. मंडईजवळ चावीचा स्वयंपाकघरातला टायमर घेतला, तो एकदाच, दहा चाळीसला वाजतो आणि बंद करायला उठून ओट्यापर्यंत जावं लागतं. उठलो की उठलो. कार्डं सरकवायचा बोर्ड मात्र काढून टाकला. 'करायचं आहे' या रकान्यात ८३ कार्डं रोज स्वागताला उभी असायची.

हे लिहिता लिहिताच एक गोष्ट डोक्यात आली. बसमधली वाट सोळा पिक्सेल रुंद, त्यात एका वेळी एकच माणूस मावतो. मग ती द्विमितीय कशाला? प्रवाशाची जागा म्हणजे दारापासूनचं अंतर, एक आकडा. शून्य म्हणजे दार, चाळीस म्हणजे शेवटचं बाकडं. समोरून कुणी आलं तर ज्याचा आकडा बाकड्याच्या ओळीवर आहे त्यानं आत सरकायचं, जसं खरे लोक पाय आखडतात. तसं असेल तर नेव्हिगेशनचा अख्खा फोल्डर कचऱ्यात आणि जनावरं-बोचकी घेऊन चढणारे प्रवासीही सोपे होतात. वर लिहिलेलं दाराचं कोड राहील, बाकी बहुतेक जाईल.

म्हणजे बेत बदलला. येत्या शनिवारी पासवाल्यांचा बग नाही, आधी ही आकड्यांची वाट. सहा मार्गांऐवजी डेमोत हा एकच मार्ग, तोही सुप्यापर्यंत. नगरचा स्टँड काढायचा मला फार मोह आहे, एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरलाच गेली होती, पण त्या स्टँडात एकट्यात दीड महिना जाईल. `UDYA.md` मध्ये पहिली ओळ टाकली आहे: `aisle_pos: float`.

जाता जाता, तिकिटाच्या जुन्या पंचचा टिकटिक आवाज अजून हवाय. विकत घेतलेल्या आवाजांच्या संचात 'पंच' म्हणून जे आलं ते बॉक्सिंगचं होतं. कुणाच्या घरी निवृत्त कंडक्टर असतील आणि त्यांनी पंच जपून ठेवला असेल, तर फोनवर दहा सेकंद रेकॉर्ड करून पाठवा. पंखा बंद करून.