दादाला पाठवायच्या मेसेजमधले चार शब्द

मंगळवार, १४ तारीख, रात्री, दांडिया बाजार

बाबांच्या घरावर वारसाईची नोंद करायची आहे. दादाचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र पुण्याहून यायचंय. संध्याकाळी त्याला लिहिलं, पण पाठवलं नाही:

"दादा, अजून कागद आला नाही. तू म्हणे मागच्या सोमवारीच कुरिअर केलंस. वहिनीसुद्धा फोन उचलत नाही. मी फक्त एक सही मागितली होती."

यात शिवी नाही, आवाजही चढलेला नाही. तरी असा मेसेज मला आला असता तर मी दोन दिवस बोलले नसते.

जेवणं झाल्यावर एकेक शब्द झाकून वाचलं. 'अजून' झाकलं तर उरतं ते खरं आहे, कागद आला नाही. 'अजून' म्हणतो, एव्हाना यायला हवा होता. मग तारीखच लिहावी: २ तारखेला मागितला, आज १४. 'म्हणे' सर्वांत वाईट. दादाने सांगितलेली गोष्ट त्या एका शब्दाने ऐकीव आणि संशयाची होते. मला खरं तर पावतीचा नंबर हवाय, तो मागावा. 'सुद्धा'मुळे वहिनीच्या आधी दादा आरोपी ठरतो, जणू त्याचं न उचलणं गृहीतच. आणि 'फक्त' त्याचं काम लहान करतो. एका सहीसाठी त्याची नोटरीकडे अर्धी रजा गेली असेल, ते मी मोजलंच नव्हतं. चेकवरचं 'फक्त' आकडा बंद करतं, 'अजून दोन दिवस आहेत' यातलं 'अजून' नुसतं मोजतं. शब्द तेच, म्हणून वाक्यात ठेवूनच तपासायला लागतात.

'च' आणि 'ही' मात्र डोळ्यांना सापडत नाहीत, शब्दाला चिकटून बसतात. 'सोमवारीच' मी दोनदा वाचूनही सुटलं. पुटपुटत वाचलं तेव्हा जीभ 'च'वर जोर द्यायला लागली आणि लक्षात आलं.

राग मात्र मला खरंच आला होता. तलाठ्याकडची माझी एक खेप फुकट गेली. तो शब्दांच्या आड ठेवण्यापेक्षा सरळ लिहिला:

"दादा, प्रतिज्ञापत्र २ तारखेला मागितलं होतं, आज १४, ते पोचलं नाही. तू मागच्या सोमवारी कुरिअर केलंस असं सांगितलं होतंस, त्याच्या पावतीचा फोटो पाठव, मी इथल्या ऑफिसात विचारते. काल तलाठ्याकडे जाऊन परत आले, त्याचा राग आलाय. वहिनीला दोनदा फोन केला, लागला नाही. सगळं ठीक ना?"

साडेदहाला उत्तर आलं. पावतीचा फोटो, तारीख ६. खाली लिहिलं होतं: वहिनीचा फोन शनिवारपासून दुरुस्तीला टाकलाय.