मजला सोडून थांबणारी लिफ्ट

गेल्या पावसाळ्यात डोंबिवलीतल्या एका सात मजली सोसायटीतून तक्रार आली की लिफ्ट लेव्हलला थांबत नाही. चौथ्या मजल्यावरच्या एक आजी बाहेर पडताना अडखळल्या होत्या. सहा माणसांची, ४०८ किलोची जुनी टू-स्पीड लिफ्ट. त्याआधी आलेल्या मेकॅनिकने कुठे थांबायचं हे लिफ्टला दाखवणारी, वर जातानाची शाफ्टमधली चुंबकं खाली सरकवून ठेवली होती, म्हणजे लिफ्ट लवकर थांबायला लागेल. दोन दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच.

मी आधी पट्टी घेऊन नुसतं मोजत बसलो. रिकामी लिफ्ट वर जाताना मजल्याच्या नऊ सेंटिमीटर वर जाऊन थांबायची, खाली येताना मात्र जवळजवळ बरोबर. मग वॉचमन आणि चार रहिवाशांना आत घेतलं. आता उलटं झालं. खाली येताना आठ सेंटिमीटर खाली घसरली, वर जाताना तीन सेंटिमीटर अलीकडेच थांबली. चुंबक चुकलं असतं तर चूक प्रत्येक वेळी तेवढीच आली असती. इथे ती वजनाप्रमाणे बदलत होती. रोपच्या दुसऱ्या टोकाला लटकणारं काउंटर वेट हे रिकाम्या केबिनपेक्षा साधारण अर्ध्या लोडइतकं जड असतं, म्हणून रिकामी केबिन वर ओढली जाते आणि भरलेली खाली. त्या ओढीला थांबवायचं काम अशा लिफ्टमध्ये ब्रेकचं. नव्या ड्राइव्हच्या लिफ्टमध्ये मोटरच वेग शून्यावर आणते, ब्रेक फक्त धरून ठेवतो. इथे मोटर वेग कमी करते, पण शेवटचं थांबणं ब्रेकवरच.

तरी रोप घसरत असण्याची शंका होतीच. मशीन रूममध्ये जाऊन रोप आणि तो ज्या चाकावरून जातो ती शिव्ह, दोन्हींवर खडूची एकच आडवी रेघ मारली आणि लिफ्ट एकदा खाली-वर फिरवून आणली. रेघा पुन्हा समोरासमोर आल्या, म्हणजे रोप घसरत नव्हता. ब्रेकचा ड्रमच फिरत राहत होता.

मेन स्विच बंद करून कुलूप लावलं आणि बॅटरी धरून ब्रेकमध्ये पाहिलं. ड्रमला दोन्हीकडून दाबून धरणारे दोन शू असतात, त्यांच्यावर घर्षणाचं लायनर रिव्हेटने बसवलेलं असतं. डावीकडचं लायनर रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत झिजलेलं, ड्रमवर बारीक चकचकीत चरे, खाली काळी भुकटी. उजवीकडचं निम्मं शिल्लक. एकच बाजू इतकी झिजते तेव्हा तो शू नीट उघडत नसतो. छतातून गळणाऱ्या पाण्याने डाव्या शूची पिन गंजून जाम झाली होती, त्यामुळे शू चालू लिफ्टमध्येही ड्रमला घासत राहिला. लायनर पातळ झालं तसा शू आत आला, स्प्रिंग सैल पडली आणि पकड गेली.

हेल्पर म्हणाला, "दादा, स्प्रिंग आवळू, आजचा दिवस निघेल." रिव्हेट ड्रमला लागत असताना आवळायचं म्हणजे ड्रम खायचा, आणि ब्रेक उघडणाऱ्या कॉइलला शू उचलायलाही जड जातं. मी सेक्रेटरींना सांगितलं की लिफ्ट बंद राहील. ते चिडले, कारण वरच्या मजल्यावर पेशंट होते. मला त्याचं वाईट वाटलं, पण अशी लिफ्ट चालू ठेवणं मला मान्य नव्हतं.

नवे शू दुसऱ्या दिवशी दुपारी आले. ब्रेक खोलण्याआधी रिकामी केबिन हँडव्हीलने वर नेत काउंटर वेट पिटमधल्या बफरवर टेकवलं. हे न करता शू काढला तर केबिन आपोआप वर धावते, आणि आपले हात तेव्हा मशीनमध्येच असतात. पिन काढून घासली, दोन्ही शू बदलले, चरे उथळ होते म्हणून पॉलिश पेपरने ड्रम साफ केला. ड्रमला खडू फासून तो थोडा फिरवला. लायनरच्या फक्त मधल्या भागावर पांढरं उमटलं. तो उंचवटा घासून घासून जवळजवळ पूर्ण लायनरवर खडू येईपर्यंत अर्धा तास गेला. मग दोन्ही स्प्रिंगची लांबी सारखी केली आणि ब्रेक उघडा असताना फीलर गेजने दोन्हीकडे ०.३ मिलिमीटर फट ठेवली.

टेस्टला सव्वापट वजन लागतं, म्हणजे ५१० किलो. सोसायटीत काम चालू होतं, तिथून सिमेंटच्या दहा गोण्या आणल्या, वर माझी दहा किलोची टूल बॅग. आत कोणी नाही. खाली येत असताना मशीन रूममधून पॉवर तोडली. ड्रम थोडा फिरला आणि ब्रेकने तो घट्ट धरून ठेवला.

चुंबकं मूळ जागी आणल्यावर रिकामी आणि भरलेली, दोन्ही वेळा फरक एक सेंटिमीटरच्या आसपास आला. टू-स्पीडमध्ये याहून फार कमी होत नाही. पॅनेलच्या दारावर आतून लायनरची जाडी आणि तारीख लिहिली, आणि सेक्रेटरींना वर नेऊन छतातली गळती दाखवली.