कार्यारंभ आदेशाची तारीख

"सर, जाहिरात यायच्या आधीच तुम्हाला कसं कळतं, की अमुक कंत्राटदार माणसं घेणार आहे?"

निविदांवरून कळतं. सांगलीत सिव्हिल डिप्लोमाची मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा मी mahatenders.gov.in उघडून `Tender Status` मध्ये `AOC`, म्हणजे काम बहाल झाल्याचा, टप्पा निवडतो. काम कुणाला आणि केवढ्याला मिळालं, ते तिथं दिसतं.

पूर्वी मी त्याच्याही आधी धावायचो. आर्थिक लिफाफे उघडले, सगळ्यात कमी दर कुणाचा ते दिसलं, की मुलांना त्या ऑफिसात पाठवायचो. शिराळ्याकडच्या एका रस्त्यासाठी दोघांना असंच पाठवलं आणि पुढं ती निविदाच रद्द झाली. दोन पोरांचे महिने वाट बघण्यात गेले, याचं मला आजही वाईट वाटतं. कमी दर म्हणजे काम मिळालं असं नाही. त्यानंतर स्वीकृतीपत्र, अनामत, करारनामा होतो आणि मग कार्यारंभ आदेश निघतो. कामाची मुदत या आदेशापासून मोजतात, म्हणून कंत्राटदाराची घाईही इथूनच सुरू होते.

त्याच रस्त्याची निविदा पुन्हा निघाली तेव्हा मी नीट हिशेब केला. काम साधारण बारा कोटींचं, मुदत अठरा महिने. म्हणजे महिन्याला सरासरी सहासष्ट-सदुसष्ट लाखांचं काम उरकायला हवं. एवढ्या कामाला लेव्हल घेणारा, मोऱ्यांवर उभा राहणारा आणि बिलं करणारा अशी तीन-चार डिप्लोमावाली पोरं लागतात, हा माझा अनुभव. साइटवर किमान किती अभियंते ठेवायचे, ते बऱ्याच निविदांच्या अटींतही लिहिलेलं असतं. ते पान आधी वाचायचं.

पण ही माणसं नवी घेणार की जुनीच आणणार? खरी मेख इथं आहे. हा रस्ता ज्याला मिळाला, त्या कंत्राटदाराची आधीची कामं मी शोधली. एक काम वाळव्याकडं चालू होतं. तिथल्या फलकावर मुदत दिवाळीपर्यंतची होती. शनिवारी जाऊन पाहिलं, तर निम्मं काम बाकी. म्हणजे तिथली माणसं सुटणार नव्हती, नवी घ्यावीच लागणार होती. तेच काम संपत आलं असतं, तर मी कुणालाही पाठवलं नसतं.

आदेश जूनमध्ये निघाला. शिराळ्याचा पाऊस माहीत असल्यामुळं मी मुलांना थांबवलं. पावसात तिथं मातीकाम होत नाही, आणि बसून खाणाऱ्याला पगार कोण देणार? सप्टेंबरच्या शेवटी दोघं गेले, ते थेट साइटवर. मोठी कंपनी पुष्कळदा मातीकाम आणि मोऱ्या पोटकंत्राटदाराला देते आणि माणसं तोच भरतो. इथंही तसंच निघालं. ऑफिसनं "जागा नाही" म्हटलं असतं. मोऱ्यांच्या पोटकंत्राटदारानं एकाला लेव्हल मशीन लावून दाखवायला सांगितलं आणि सोमवारपासून ये म्हणाला. दुसऱ्याला दसऱ्यानंतर बोलावलं.

मनुष्यबळ पुरवठ्याच्या निविदांत माणसांचा आकडाच छापलेला असतो, म्हणून मुलं तिकडं आधी धावतात. पण एजन्सी बदलली तरी खुर्चीवरची माणसं बहुतेक तीच राहतात. मागच्या निविदेतला आकडा शेजारी ठेवा. वाढ असेल तेवढ्याच जागा नव्या.