पोळीचं वजन एकदाच करा

"मॅडम, मोबाईलवर कॅलरी मोजायचं ॲप घेऊ का? त्यातले आकडे खरे असतात का? आणि त्याचा नाद लागलाय हे आपलं आपल्याला कळणार कसं?"

घ्या, पण दोन आठवड्यांपुरतं. आणि आधी आपल्या घरच्या कणकेचं वजन करा.

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. समोर बसलेलं माणूस मोबाईल पुढे करतं, "काल १२१४ झाल्या, आज ११८६." एवढा नेमका आकडा दिसला की आपण तो खरा मानतो. तो कुठून आला हे कळावं म्हणून मी बहुतेकांना एकच ताट मांडून दाखवते: दोन पोळ्या, एक वाटी मटकीची उसळ, एक वाटी भात.

पोळीपासून सुरू करू. ॲपमध्ये 'चपाती, मध्यम, एक' असं लिहिलेलं असतं. मध्यम म्हणजे कोणाची मध्यम? फुलके करणाऱ्या घरात एका फुलक्याला पंचवीस ग्रॅम पीठ लागतं. माझ्या सासूबाईंची घडीची पोळी चाळीस ग्रॅमची असते, घडीत तेल असतं आणि वरून तूप फिरतं. पहिली साधारण ८५ कॅलरींची, दुसरी सहज १७५ ते १८०च्या घरात. म्हणजे नुसत्या दोन पोळ्यांत दोनशेच्या आसपास फरक पडला, आणि ॲपमध्ये दोन्ही घरांनी एकच ओळ निवडली.

उसळीचं तर विचारूच नका. 'मटकी उसळ' शोधलंत तर दहा नोंदी येतात, कारण पुष्कळ ॲप्समधल्या नोंदी वापरणाऱ्यांनीच भरलेल्या असतात. कोणाची पातळ, कोणाची खोबरं घातलेली, कोणी वाटी छोटी धरली, कोणी मोठी. मी एकदा माझ्याच घरची उसळ पूर्ण मोजली. कोरडी मटकी २०० ग्रॅम, म्हणजे साधारण ६६० कॅलरी. फोडणीआधी आणि नंतर तेलाची बाटली काट्यावर ठेवली, ४० ग्रॅम तेल गेलं होतं: ३६०. ओलं खोबरं ५० ग्रॅम, त्याच्या दोनशेच्या आसपास. कांदा-टोमॅटो धरून सगळी मिळून जवळपास १३००. शिजलेली उसळ ११०० ग्रॅम भरली, त्यातली दीडशे ग्रॅमची वाटी म्हणजे पावणेदोनशे कॅलरी. आता याच पातेल्यातून एकानं वरची तर्री घेतली आणि दुसऱ्यानं तळातली दाट मटकी, तर तेवढ्यानंही हिशोब हलतो. तेल वर तरंगतं, ते कोणाच्या वाटीत गेलं हे ॲपला कसं कळणार?

भातात वेगळीच चूक होते, आणि ती मोठी असते. शंभर ग्रॅम तांदूळ म्हणजे साधारण ३५० कॅलरी, पण शंभर ग्रॅम शिजलेला भात म्हणजे १३०. भात मोजून 'तांदूळ'ची नोंद निवडली की आकडा अडीचपटीहून जास्त फुगतो, आणि उलट केलं तर तेवढाच आकसतो. नोंद कच्च्याची आहे की शिजलेल्याची, हे एवढं एक जरी बघितलंत तरी पुष्कळ काम झालं.

सगळं जोडलं तर हेच ताट एका घरात साडेचारशेचं असतं आणि दुसऱ्या घरात साडेसातशेचं. जिथे एका जेवणात तीनशेची चूक शक्य आहे, तिथे दिवसअखेरीला अठ्ठावीस कॅलरी वाचवण्यासाठी कोणी अर्धी पोळी ताटात ठेवून उठतं, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

पाकिटावरचा आकडा तरी पक्का असेल असं वाटतं. तो बहुधा सरासरीच्या गुणकांवर काढलेला असतो: एक ग्रॅम प्रथिनाला चार, कर्बोदकाला चार, स्निग्धाला नऊ. हे गुणक एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांच्या प्रयोगांतून आले आणि मिश्र जेवणाला ते बऱ्यापैकी लागू पडतात. एकेका पदार्थाला मात्र चुकू शकतात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२ मध्ये माणसांना बदाम खायला घालून प्रत्यक्ष मोजमाप केलं. २८ ग्रॅम बदामांतून नेहमीच्या हिशोबानं १७०च्या आसपास कॅलरी मिळायला हव्यात, मिळाल्या १२९. बदामाच्या पेशींच्या भिंतीत अडकलेलं थोडं तेल न पचताच बाहेर जातं. आणि मनगटावरचं घड्याळ 'इतक्या जाळल्या' म्हणतं, त्यावर विसंबून जास्तीचं खाणं किंवा खाल्लेलं फेडायला चालणं, दोन्ही नको. स्टॅनफर्डमध्ये २०१७ साली सात घड्याळं तपासली तेव्हा खर्च झालेल्या ऊर्जेत सगळ्यात बरं घड्याळसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होतं.

मग घ्या कशाला म्हणते मी? कारण दोन गोष्टी ॲप चांगल्या दाखवतं. एक म्हणजे प्रथिनं. सकाळी पोहे, दुपारी पोळी-बटाट्याची भाजी, संध्याकाळी चहा-खारी, असं चार दिवस लिहिलं की रात्रीच्या एका वाटी वरणावर दिवस चाललाय हे डोळ्यांसमोर येतं. ते कळायला आकडा अचूक लागत नाही. दुसरी गोष्ट, आपण काय विसरतो ते. डबा भरताना तोंडात टाकलेले शेंगदाणे, मुलाच्या ताटात उरलेलं, ऑफिसातला तिसरा चहा.

माझ्याकडची रीत अशी आहे. पहिल्या दिवशी कोरडं पीठ मोजायचं, मग पोळ्या मोजायच्या. तीनशे ग्रॅम पिठाच्या दहा झाल्या तर आपली पोळी तीस ग्रॅमची, तेल धरून साधारण सव्वाशेची. ही नोंद स्वतः करून ठेवायची, परत काटा काढायचा नाही. तेलासाठी रोज चमचा मोजण्यापेक्षा महिन्याचा हिशोब बरा: चार माणसांत तीन लिटर संपलं तर माणशी रोज पंचवीस मिलिलिटर, म्हणजे दोनशेच्या जरा वर कॅलरी. ॲपमध्ये वजन घटवायचं लक्ष्य भरायचं नाही, 'आहे ते वजन राखायचं' हा पर्याय निवडायचा. व्यायामाच्या कॅलरी आपोआप मिळवणं बंद करायचं, आठवणीच्या सूचनाही बंद. नोंद जेवण झाल्यावर करायची, आधी नाही. चौदा दिवस झाले की सरासरी बघायची, एक-दोन बदल ठरवायचे आणि ॲप काढून टाकायचं.

लक्ष्य भरू नका म्हणते त्याला कारण आहे. आठवड्याला अर्धा किलो असं निवडलं की ॲप किलोमागे ७७०० कॅलरी धरून रोजच्या साडेपाचशे वजा करतं. पाच फूट एक इंच उंचीच्या, बैठं काम करणाऱ्या मुलीची दिवसाची गरजच सोळाशे-सतराशे असते, वजाबाकी करून ती थेट अकराशेच्या आसपास येऊन बसते. मग त्या रेषेपलीकडचा आकडा लाल दिसायला लागतो.

अशीच एक मुलगी दोन वर्षांपूर्वी आईबरोबर आली होती. चोवीस वर्षांची, नोकरी करणारी. वजन फार कमी झालेलं नव्हतं, त्यामुळे घरात सगळे कौतुकच करत होते. आई म्हणाली, "ही माझ्या हातचं खात नाही हो आता." मला वाटलं भाजी आवडत नसेल. तर ती मुलगी घरची आमटी सोडून पाकिटातलं सूप प्यायची, कारण पाकिटावर बारकोड होता. स्कॅन केलं की आकडा यायचा. आईच्या आमटीला बारकोड नव्हता. फोडणी करताना ती आईशेजारी चमचा घेऊन उभी राहायची, आणि आईनं एखाद्या दिवशी अंदाजानं तेल घातलं की रडायची.

हळूहळू बाकीचं बाहेर आलं. मैत्रिणीच्या डोहाळजेवणाला गेली नव्हती. नोंद करताना प्रत्येक पदार्थाचा सगळ्यात मोठा आकडा निवडायची, म्हणजे चूक झाली तरी 'सेफ'. रात्रीच्या जेवणासाठी दिवसभर कॅलरी राखून ठेवायची आणि मग रात्री हात थांबायचा नाही. पाळी तीन महिने आली नव्हती. मे महिन्यात बोटं गार पडायची, केसांचा गुंता फणीत राहायचा. पोट भरलंय का, भूक आहे का, असं विचारलं तर तिनं मोबाईलकडे बघितलं.

यातलं सगळ्यात आधी दिसतं ते शरीरावर नसतं, वागण्यात असतं. जे मोजता येतं तेच खाणं, दुसऱ्याच्या घरी जेवायची भीती, खाल्लेलं फेडायला रात्री चालणं, नोंद राहिली तर झोप न लागणं. घरच्यांनी याकडे लक्ष ठेवावं, वजनाकडे नाही. स्वतःचं तपासायचं असेल तर तीन दिवस ॲप उघडू नका. विसरून गेलात, तर ठीक. मनातल्या मनात बेरीज चालूच राहिली, जेवताना छातीत धडधडलं, तर तिथेच थांबा.

ॲपनंच हे होतं असं मी म्हणणार नाही. २०१७ च्या एका अभ्यासात खाण्याच्या विकाराच्या १०५ रुग्णांना विचारलं, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश लोक एक प्रसिद्ध ॲप वापरत होते, आणि त्यातल्या ७३ टक्क्यांना आपल्या आजारात त्याचा थोडाफार तरी हात आहे असं वाटत होतं. पण हे आधीच आजारी असलेल्यांचं सांगणं आहे, आजारानं ॲप धरलं की ॲपनं आजार वाढवला हे त्यातून ठरत नाही. म्हणून कोणाला देऊ नये एवढं मी ठरवून घेतलंय: ज्यांना पूर्वी खाण्याचा विकार झालाय, वाढत्या वयाची मुलं-मुली, गरोदर बायका. इन्सुलिन घेणाऱ्यांनी कर्बोदकं मोजणं ही वेगळी गोष्ट आहे, ती डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालूच ठेवायची.

पाळी चुकली, चक्कर येते, खाऊन मुद्दाम उलटी काढावीशी वाटते, यातलं काहीही असेल तर आहारतज्ज्ञ एकटी पुरत नाही. डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघंही लागतात. कोणाकडे जायचं कळत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

त्या मुलीलाही मी एका मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि आम्ही दोघींनी मिळून काम केलं. ॲप एकदम काढलं नाही, तिला ते झेपलं नसतं. आधी फक्त दुपारचं जेवण न लिहिता खायचं ठरलं, आणि ते आईनं वाढायचं. पहिल्या दिवशी आमटीची वाटी संपवायला तिला पन्नास मिनिटं लागली. आई समोर बसून होती, काही बोलली नाही. पाचव्या महिन्यात पाळी आली, तो फोन आईचा होता. मागे एकदा मुलगी स्वतः आली तेव्हा तिच्या डब्यात भरली वांगी होती. मी कोणी केली विचारलं, तर म्हणाली, "आईनं. तेल बघितलं नाही मी."